नोंदवही : मुंबई–कोची आणि धक्क्याजवळची संथ चाल

नांदेडच्या गच्चीवर अँटेना लावून जहाजांचे एआयएस संदेश, म्हणजे जहाजं आपली जागा आणि वेग कळवणारे संदेश, मिळत नाहीत. ते व्हीएचएफ रेडिओलहरींवर येतात, क्षितिजापलीकडे फारसे पोचत नाहीत. त्यामुळे माझी सगळी मदार जहाजांचे ठिपके दाखवणाऱ्या नकाशाच्या साइटवर आहे. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की तिथलाही ठिपका थांबतो, आणि मग ते कुठे असेल याचा हिशेब आपणच करायचा. सध्या माझा अभ्यास त्याच हिशेबावर चालू आहे.

सूत्र सोपं आहे. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. अंतराला वेगाने भागलं की तास मिळतात. मुंबई ते कोची सुमारे ५८० सागरी मैल धरले आणि वेग १४ नॉट, तर उत्तर ४१.४३ तास येतं. हे ४१ तास ४३ मिनिटं नव्हेत, बरं का. ०.४३ ला ६० ने गुणायचं, म्हणजे ४१ तास २६ मिनिटं.

पण जहाज धक्क्यापासून धक्क्यापर्यंत १४ नॉटने जात नाही. दोन्ही टोकांना दहा-दहा मैल ६ नॉटने गेले असं धरू. त्या २० मैलांना ३ तास २० मिनिटं लागतात आणि उरलेल्या ५६० मैलांना ४० तास. एकूण ४३ तास २० मिनिटं. फरक दोन तासांच्या आत, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी.

आता भाऊचा धक्का ते मांडवा घ्या, साधारण १० मैल. सरसकट १४ नॉटने ४३ मिनिटं येतात. पण बंदरातले आणि जेट्टीजवळचे मिळून २ मैल ५ नॉटने धरले, तर तेवढ्यालाच २४ मिनिटं जातात. उरलेल्या ८ मैलांना ३४ मिनिटं, एकूण ५८. म्हणजे वेळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढला! गाड्या नेणारी रो-रो बोट मांडव्याला तासाभरात पोचते, त्याच्याशी हे उत्तर जुळतं. म्हणून फेरीचा अंदाज टप्पे पाडूनच करावा, असं माझं ठाम मत झालंय. आणि टप्प्यांच्या वेगांची सरासरी काढू नये, टप्प्यांच्या वेळांची बेरीज करावी. संथ टप्प्यात मैल थोडे असले तरी वेळ भरपूर जातो, आणि तो वेगांच्या सरासरीत दिसत नाही.

लांबच्या प्रवासात खरी ओढाताण प्रवाहाची. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. हिवाळ्यात कोचीकडे जाताना समोरून अर्धा नॉट आला, तर ५६० मैलांना ४० ऐवजी साडेएक्केचाळीस तास लागतात. पडद्यावर दिसणारा SOG हा जहाजाचा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो, त्यात प्रवाह आधीच धरलेला आहे. तो पुन्हा वजा करू नका. जहाजाचा ठरलेला सेवावेग घेऊन हिशेब करत असाल तरच प्रवाह वेगळा धरा.

ठिपका थांबण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन तासांच्या SOG ची सरासरी घेऊन पुढे मोजतोय. संदेशातली ETA, म्हणजे पोचण्याची अंदाजे वेळ, खलाशी हाताने भरतात, कधी जुनीच राहून जाते, म्हणून ती शेजारच्या रकान्यात फक्त ताळ्यासाठी. नोव्हेंबरपासून दक्षिणेकडे जाणारी आणि उत्तरेकडे येणारी जहाजं वेगळ्या पानांवर लिहिणार आहे.