गुणांक उतरत असताना उपचाराची पद्धत का बदलली

दहा वर्षांच्या एका मुलावर उपचार सुरू असताना त्याने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतले गुणांक सुधारलेले दिसत होते, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर मी उपचाराची पद्धत बदलली. हा निर्णय कसा झाला, त्यात प्रश्नावल्यांनी काय दाखवले आणि काय त्यांच्यातून दिसू शकत नव्हते, हे येथे लिहीत आहे. मी मुलांसोबत काम करणारी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. आकड्यांचा परस्परसंबंध मात्र तसाच ठेवला आहे.

मुलाला आईवडिलांपासून दूर राहण्याची तीव्र भीती होती. तो रात्री एकटा झोपत नसे, सकाळी शाळेच्या दारातून आत जाताना रडत असे, आणि आई बाहेर गेली की ती परत येईपर्यंत फोन करत राही. उपचाराची सुरुवात मी नेहमीप्रमाणे भीतीची शारीरिक लक्षणे ओळखणे, श्वासाचा सराव आणि भीतीदायक विचार तपासून पाहणे यांपासून केली. प्रगती मोजण्यासाठी ‘रिव्हाइज्ड चिल्ड्रन्स अँक्झायटी अँड डिप्रेशन स्केल’ ही प्रश्नावली निवडली. तिच्यात ४७ विधाने असतात आणि प्रत्येकासमोर ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत ० ते ३ असे चार पर्याय असतात. मुलासाठी एक आवृत्ती आणि पालकांसाठी दुसरी आवृत्ती असते. एकूण सहा उपविभागांपैकी विलगतेच्या भीतीचा उपविभाग सात विधानांचा आहे. संपूर्ण प्रश्नावली दर आठवड्याला भरून घेतली तर मूल कंटाळून एकाच रकान्यात खुणा करत सुटते. म्हणून ती सुरुवातीला आणि त्यानंतर दर सहाव्या सत्राला, तर ही सात विधाने प्रत्येक सत्राआधी, असे ठरवले. त्यासोबत मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली दोन उद्दिष्टे ठेवली: रात्रभर आपल्या खोलीत झोपायचे, आणि शाळेत एकट्याने आत जायचे. या उद्दिष्टांना तो दर वेळी ० ते १० असा आकडा देत असे. ० म्हणजे अजून काहीच नाही आणि १० म्हणजे पूर्ण जमले.

भरण्याच्या पद्धतीबाबत मी काटेकोर असते, कारण नंतरचे सगळे वाचन तिच्यावर अवलंबून असते. प्रश्नावली सत्राच्या आधी भरायची, नंतर नाही. सत्र चांगले झाले की मुले उपचारकाला बरे वाटावे म्हणूनही कमी गुण देतात. मूल भरत असताना पालक शेजारी नसावेत. पालकांच्या बाजूने प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीने भरायचे. पहिल्या वेळी आईने आणि दुसऱ्या वेळी वडिलांनी भरले, तर दिसणारा फरक मुलातला आहे की भरणाऱ्यांच्या नजरेतला, हे सांगता येत नाही. या मुलाच्या बाबतीत शेवटपर्यंत आईनेच भरले.

हा खटाटोप कशासाठी, असे सहकारी विचारतात तेव्हा मी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाकडे बोट दाखवते. तो प्रौढांवरचा होता, तरी मुद्दा लागू पडतो. ५५० जणांपैकी कोणाची स्थिती उपचाराच्या शेवटी बिघडलेली असेल, याचा अंदाज त्यांच्या उपचारकांना करायला सांगितला होता. उपचारकांनी तिघांची नावे घेतली. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती बिघडली. समोर बसलेल्या माणसाबद्दलची आपली आशा आपल्या नजरेला किती झाकते, हे त्यातून कळते.

पहिल्या मोजणीत विलगतेच्या उपविभागाचा टी-गुणांक आईच्या उत्तरांनुसार ७८ आणि मुलाच्या उत्तरांनुसार ६६ आला. टी-गुणांकात त्या वयोगटाची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा गुणांचा पसारा, १० धरलेले असते. ६५ पासून पुढे सीमारेषा आणि ७० पासून पुढे चिकित्सेची गरज, असे साधारण वाचन असते. ही मानके ज्या मुलांवरून तयार झाली ती आपल्यासमोरच्या मुलापेक्षा वेगळ्या भाषेत आणि वातावरणात वाढलेली असू शकतात, त्यामुळे मी सीमारेषेपेक्षा मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करण्याला अधिक वजन देते.

सहाव्या सत्राला मुलाचा गुणांक ५८ आला आणि आईचा ७६. मुलाचा आकडा सीमारेषेखाली गेला होता, सत्रांत तो मोकळेपणाने बोलत होता, आणि येथे कोणालाही ‘प्रगती आहे, असेच चालू ठेवू’ असे म्हणावेसे वाटले असते. मात्र सीमारेषा ओलांडणे ही एक गोष्ट आणि फरक मोजमापातल्या नैसर्गिक चढउतारापेक्षा मोठा असणे ही दुसरी. जेकबसन आणि ट्रुॲक्स या संशोधकांनी १९९१ साली मांडलेला ‘विश्वसनीय बदला’चा हिशेब येथे उपयोगी पडतो. प्रमाण विचलन १० असेल आणि मापनाची विश्वसनीयता ०.८० धरली, तर एका मोजणीतली प्रमाण त्रुटी सुमारे ४.५ येते, दोन मोजण्यांमधल्या फरकाची त्रुटी सुमारे ६.३, आणि तिला १.९६ ने गुणले की सुमारे १२. म्हणजे १२ पेक्षा लहान फरक केवळ त्या दिवसाच्या मनःस्थितीमुळेही पडू शकतो. मुलाचा फरक ८ होता आणि आईचा २. दोन्ही त्या मर्यादेच्या आत होते.

यानंतर मी बेरीज बाजूला ठेवून सातही विधानांची उत्तरे आठवड्यागणिक एकाखाली एक मांडली. माझ्या मते या कामातला सर्वांत फलदायी भाग हाच आहे, आणि बहुतेक जण तो वगळतात. मुलाच्या गुणांकातली जवळजवळ सगळी घट दोनच विधानांतून आली होती: एकट्याने झोपण्याची भीती आणि सकाळी शाळेत जाताना वाटणारी भीती. बाकीची विधाने जागची हललेली नव्हती. दुसरीकडे, त्याच दोन गोष्टींबाबतची उद्दिष्टे १ आणि २ यांच्या पुढे गेली नव्हती. एकट्याने झोपण्याची भीती कमी झाली आहे, पण एकट्याने झोपणे मात्र जमलेले नाही, असे त्याचे स्वतःचेच दोन आकडे सांगत होते.

आईला विचारल्यावर उलगडा झाला. उपचार सुरू झाल्यापासून मुलाला ताण नको म्हणून ती त्याच्याच खोलीत झोपू लागली होती आणि सकाळी वर्गाच्या दारापर्यंत सोबत जात होती. “तुम्हीच म्हणालात ना मॅडम, त्याला सुरक्षित वाटू द्या,” असे ती म्हणाली, आणि तिचे वागणे समजण्यासारखे होते. मुलाची उत्तरे खोटी नव्हती. भीतीचा प्रसंगच येत नसल्याने त्याला भीती वाटत नव्हती. चिंतेच्या प्रश्नावल्यांची ही मूळ मर्यादा आहे: भीती ओसरली तरी गुणांक उतरतो आणि भीतीचा प्रसंग पूर्णपणे टाळला तरी उतरतो. आईचा आकडा चढा राहिला, कारण ती त्या टाळण्याची किंमत रोज मोजत होती. मूल आणि पालक यांच्या उत्तरांचा मेळ एरवीही कमीच असतो. म्हणून दोघांची सरासरी काढण्यापेक्षा फरक कशामुळे पडला, हे शोधणे मला अधिक उपयुक्त वाटते.

पद्धत बदलण्याआधी तीन शक्यता तपासणे आवश्यक होते. प्रश्नावली नीट भरली गेली होती का? होय, भरणारी व्यक्ती आणि वेळ दोन्ही तीच होती. घरचा सराव होत होता का? श्वासाचा सराव वहीत नोंदवलेला होता. मुलाचे माझ्याशी नाते बिघडले होते का? सत्राच्या शेवटी तो चार छोट्या प्रश्नांची उत्तरे देत असे: ऐकून घेतले का, बोललो ते महत्त्वाचे होते का, जे केले ते आवडले का, एकूण कसे वाटले. त्यात कधी घसरण दिसली नव्हती. अर्थात दर वेळी पूर्ण गुण देणारे मूल भिडस्तही असू शकते, म्हणून या एका पुराव्यावर मी फार विसंबले नाही. या तीन शक्यता दूर झाल्यावर उपचारातला घटकच अपुरा आहे, असे मानावे लागले.

बदल दोन केले. विचारांवरचे काम कमी करून मुलाला भीतीच्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे नेणे सुरू केले: आई आधी पलंगाऐवजी खुर्चीवर, मग दाराशी, मग शेजारच्या खोलीत. आणि घरातली जुळवाजुळव किती आहे, हे मोजण्यासाठी आईसाठी एक वेगळी प्रश्नावली जोडली. मुलाच्या भीतीमुळे पालक आपले वागणे किती बदलतात, याबद्दलच्या नऊ प्रश्नांना ० ते ४ गुण देऊन तिची बेरीज जास्तीत जास्त ३६ होते. आईची बेरीज २७ आली.

नव्या पद्धतीत मुलाचे गुणांक आधी वाढणार, हे मला ठाऊक होते आणि मी ते आईवडिलांना लेखी सांगून ठेवले. ज्या प्रसंगांना तो आजवर टाळत होता ते आता खरोखर घडणार होते. म्हणून पुढच्या टप्प्यासाठी वाचनाचा क्रम उलटा ठरवला: आईची जुळवाजुळवीची बेरीज उतरत असेल आणि उद्दिष्टांचे आकडे चढत असतील, तर मुलाची भीती काही आठवडे वाढली तरी मार्ग बदलायचा नाही, मात्र बेरीज उतरूनही उद्दिष्टे हलली नाहीत, किंवा सुट्टीशिवाय अन्य कारणाने शाळेतली हजेरी घटली, तर लगेच थांबून पुन्हा विचार करायचा. ही अट आधी लिहून ठेवणे महत्त्वाचे असते. मूल रडत असताना नियम ठरवायला बसले, तर तो नियम त्या रडण्याच्या बाजूने झुकतो.

पहिल्या काही आठवड्यांत मुलाचा गुणांक ६७ पर्यंत गेला. आईची बेरीज मात्र २७ वरून १६ वर आली आणि झोपेच्या उद्दिष्टाला त्याने प्रथमच ४ दिले. बाराव्या सत्राला मुलाचा गुणांक ५९ होता. आकडा जवळजवळ सहाव्या सत्राइतकाच होता, पण या वेळी झोपेचे उद्दिष्ट ७ वर होते आणि आई शेजारच्या खोलीत झोपत होती. अठराव्या सत्राला मुलाचा गुणांक ५२ आणि आईचा ६० आला. सुरुवातीपासूनचा फरक अनुक्रमे १४ आणि १८, म्हणजे दोन्ही बाजूंनी १२ च्या पुढे, आणि दोघेही सीमारेषेखाली. त्यानंतर सत्रांमधले अंतर महिन्याचे केले. लोकांमध्ये वावरतानाच्या भीतीचा उपविभाग सुरुवातीपासून ६३ च्या आसपास होता आणि उपचाराने त्यात काहीच फरक पडला नाही, कारण त्यावर आम्ही कामच केले नव्हते. तो कुटुंबाला दाखवला. मुलाने सध्या त्यावर काम नको असे सांगितले, आणि पुढच्या भेटीत फक्त तेवढीच नऊ विधाने भरून घ्यायचे ठरले.