मिनिटं तीच, भार वेगळा

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे नडगी दुखते म्हणून येणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी बऱ्याच असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण निव्वळ पायांवर. त्यांतलीच एक मुलगी मंद्रूपकडची, शहरात खोली घेऊन राहणारी. उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला गेलेली बारीक चीर. एक्स-रे साफ होता. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो बहुतेकदा साफच येतो. एमआरआयमध्ये निदान झालं. जागा बरी होती. हीच चीर नडगीच्या पुढच्या धारेवर असती तर प्रकरण फार चिवट झालं असतं.

अस्थिरोगतज्ज्ञांनी धावायला हिरवा कंदील दिला तेव्हा ती अर्धा तास न दुखता झपझप चालत होती, हाडावर दाबलं तरी दुखत नव्हतं आणि त्या एका पायावर दहा उड्या मारू शकत होती. मग मी तिला तक्ता लिहून दिला. प्रत्येक वेळी पाच-पाच मिनिटांच्या सहा फेऱ्या. पहिल्या टप्प्यात चार मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं. दुसऱ्यात तीन आणि दोन, तिसऱ्यात दोन आणि तीन, चौथ्यात एक आणि चार, आणि शेवटी सलग अर्धा तास. धावणं एक दिवसाआड. एकेक टप्पा किमान तीनदा करायचा आणि धावताना, त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही दुखलं नाही तरच पुढे सरकायचं. वेग असा की शेजारच्याशी सलग बोलता आलं पाहिजे.

दुसऱ्या टप्प्यात असताना एके सकाळी ती वडिलांना घेऊनच आली. किंचित लंगडत होती. वडील दारातूनच म्हणाले, "मॅडम, हाड परत तुटलं का काय बघा की. पोरगी भीतीनं रात्रभर रडायलीय."

अशा वेळी मी आधी बोटाने बघते, मशीनने नंतर. "कुठं दुखतंय ते एका बोटाने दाखव," म्हटलं. पोटरीचा स्नायू आखडला असेल तर माणूस सगळा तळवा फिरवून दाखवतो. नडगीच्या कडेची नुसती सूज असेल तर चार-पाच इंचांची पट्टी दुखते आणि पळून अंग गरम झालं की दुखणं थोडं कमी होतं. हिने तर्जनी नेमकी जुन्या जागेवर टेकवली. मी दोन्ही पायांच्या नडग्या वरून खाली इंच-इंच दाबत आले. त्या एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, तिने पाय मागे ओढला. उड्या मारून बघायचा प्रश्नच नव्हता. साधं चालताना त्रास जेमतेम होता, रात्री झोपेतून उठवणारी कळ नव्हती, ही जमेची बाजू.

डॉक्टरांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, धावणं बंद, आठवड्याने परत दाखवा, तोवर दुखणं हटलं नाही तर पुन्हा एमआरआय.

आता कारण शोधायचं होतं. वही तिने चोख ठेवली होती. वार, वेळ, फेऱ्या, सगळं तक्त्याप्रमाणे. एकही दिवस जास्तीचा नव्हता, मातीवरच पळत होती. वडिलांचं म्हणणं, "मातीवर पळतीय, मग का दुखावं?" मी तिला फोनमधलं धावण्याचं ॲप उघडायला सांगितलं. धावण्याच्या दोन-दोन मिनिटांत तिचा वेग किलोमीटरला साडेचार मिनिटं होता! दुखापतीच्या आधी ती ८०० मीटर तीन मिनिटं दहा सेकंदांत मारायची. म्हणजे तिच्या शर्यतीच्या वेगाच्या ती जवळपास पोचली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ग्रुपमधले सगळे पळत असतात. दोनच मिनिटं पळायचंय तर त्यांच्यासोबत पळावं म्हटलं."

मी वहीच्या मागच्या पानावर दोघांना हिशेब मांडून दाखवला. सहा फेऱ्यांत धावणं एकूण बारा मिनिटं. बोलत पळण्याच्या, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या वेगाने ते १.६ किलोमीटर होतं. तिच्या वेगाने जवळजवळ २.७ किलोमीटर झालं. वहीत आकडा एकच, बारा मिनिटं. हाडाला मात्र एक किलोमीटर जास्तीचा. त्यात वेग वाढला की प्रत्येक पावलाचा भारही वाढतो. नडगीवर येणारा मोठा भार जमिनीच्या धक्क्याचा नसतो, तो पोटरीचे स्नायू हाडाला खेचतात त्याचा असतो. जोरात पळताना पोटरी जास्त जोर लावते. म्हणून नुसती मऊ माती हिला वाचवू शकली नाही.

वडिलांना अजून एक पटत नव्हतं. दुखणं थांबलं होतं, मग हाड कच्चं कसं? रस्ता दुरुस्त करताना आधी उकरतात आणि मग भरतात, तसंच हाडाचं आहे, असं मी त्यांना सांगितलं. थकलेला भाग शरीर आधी पोखरून काढतं, नवं हाड मागून भरतं आणि ते टणक व्हायला आणखी काही महिने जातात. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. या मधल्या काळात चालण्याचा भार हाड आरामात पेलतं, वेगाचा पेलत नाही.

मग वडिलांना जरा बाहेर बसायची विनंती केली. पाळी आणि जेवण हे दोन प्रश्न मी प्रत्येक मुलीला पहिल्याच भेटीत विचारते आणि दुखणं उलटलं की परत विचारते. पहिल्यांदा तिने "सगळं बरंय" म्हणून विषय संपवला होता. या वेळी खरं बोलली. चार महिने पाळी नव्हती. वजन कमी व्हावं म्हणून रात्रीची भाकरी बंद केली होती आणि सकाळी नुसता चहा घेऊन मैदानावर जात होती. खर्च जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन घटतं आणि हाड भरायचं काम मागे पडतं. तिला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही लिहून दिली. पळायच्या आधी केळं, आल्यावर दूध-अंडी आणि रात्रीची भाकरी परत सुरू, हे मात्र तिथल्या तिथे ठरलं.

आठवड्याने दाबल्यावरचं दुखणं गेलं होतं, त्यामुळे दुसरा एमआरआय लागला नाही. आणखी एक आठवडा नुसतं चालणं ठेवून आम्ही पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तक्त्यात मिनिटांच्या शेजारी वेगाचा रकाना आला: किलोमीटरला सात मिनिटांच्या आत यायचं नाही. ग्रुपची वेळ टाळून ती अर्धा तास आधी, साडेपाचला जाऊ लागली. पावलं आखूड आणि थोडी भरभर टाकायला शिकवलं. त्याच वेगात लांब ढांगेपेक्षा आखूड पावलात नडगीवर कमी भार येतो. पोटरीसाठी पायरीवर टाचा उचलण्याचा व्यायाम धावण्याच्या दिवशीच ठेवला, म्हणजे मधला दिवस हाडाला खरोखर मोकळा मिळतो.

सलग अर्धा तास जमल्यावरच वेगाला हात घालायचा होता, तोही आठवड्यातून एकदा, सपाट मातीवर, पाऊण जोराने. शंभर मीटरचा पूर्ण जोर आणि स्पाइक सगळ्यात शेवटी.

जाताना वडिलांनी विचारलं होतं, "मग औंदाच्या भरतीचं काय मॅडम?" मी म्हणाले, "काका, फॉर्म भरा, लेखीचा अभ्यास चालू राहू द्या. पण मैदानाची तारीख सलग अर्धा तास होण्याआधी आली, तर तिला पळायला पाठवू नका." त्यांनी मुलीकडे बघितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तारीख आधी आली तर पुढच्या भरतीला पळते." तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि वेगाचा रकाना आखून घेतला.