पिकचं सूत्र, पाच शिरोबिंदू आणि सीमेवरचे फसवे ठिपके

जाळीवरच्या आकृत्यांची ही पुढची नोंद. सूत्र सगळ्यांना पाठ असेलच. गेओर्ग पिक यांनी १८९९ मध्ये मांडलेलं:

क्षेत्रफळ = आतले बिंदू + सीमेवरचे बिंदू ÷ २ − १

शिरोबिंदू जाळीबिंदूंवर हवेत आणि सीमा स्वतःला छेदणारी नको, एवढ्याच अटी. सूत्रात अवघड काही नाही, गोची होते ती मोजणीत. म्हणून या वेळी मुद्दाम तिरप्या बाजूंचा आणि एक कोन आत वळलेला पंचकोन घेतला आहे: (०,०), (६,२), (८,६), (३,७), (२,४), याच क्रमाने.

आधी सीमा. इथे डोळ्यांवर विसंबायचं नाही. प्रत्येक बाजूचा आडवा आणि उभा फरक काढायचा आणि त्यांचा मसावि घ्यायचा. मसावि जितका, तितके जाळीबिंदू त्या बाजूवर, दोन टोकांपैकी एकच टोक धरून. (०,०) ते (६,२) फरक ६ आणि २, मसावि २. पुढच्या बाजूचे २ आणि ४, मसावि २. मग ५ आणि १, मसावि १. १ आणि ३, मसावि १. शेवटी २ आणि ४, मसावि २. एकूण ८. प्रत्येक बाजूचं एकच टोक धरल्यामुळे कोपरे दोनदा मोजले जात नाहीत. बाजूवर दोन्ही टोकं धरून मोजणाऱ्यांची बेरीज इथे १३ येते, म्हणजे क्षेत्रफळ अडीचने फुगतं.

आतले बिंदू ओळीओळीने मोजलेले बरे. y = १ वर आकृती ०.५ पासून ३ पर्यंत आहे. ३ हा सीमेवरचा बिंदू, म्हणून आत फक्त १ आणि २. y = २ वर ४, y = ३ वर ५, y = ४ वर ४, y = ५ वर ५, y = ६ वर ५. बेरीज २५.

क्षेत्रफळ = २५ + ४ − १ = २८. शिरोबिंदूंच्या निर्देशकांचे तिरपे गुणाकार करून पडताळलं तर त्यांची बेरीज ०, २०, ३८, −२, ० मिळून ५६, आणि निम्मे २८. जुळलं.

आता खरी गंमत. (८,६) ते (३,७) या बाजूकडे नीट पाहा. (७,६) हा बिंदू रेषेच्या खाली जेमतेम ०.२ वर आहे, तर (४,७) तेवढाच वर. जाड पेनाने रेघ ओढली की दोन्ही सीमेवर बसल्यासारखे दिसतात. फक्त (७,६) सीमेवर धरला तर आत २४, सीमेवर ९ आणि उत्तर २७.५. हा घोळ तिरप्या गुणाकारांशी ताडताच उघडा पडतो. पण दोन्ही धरले तर आत २४, सीमेवर १०, आणि उत्तर पुन्हा २८! दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं. तेव्हा क्षेत्रफळ जुळलं म्हणून मोजणी बरोबर असं समजू नका. सीमेची मोजणी मसाविनेच पक्की करा. इथे फरक ५ आणि १ असल्याने टोकांखेरीज एकही बिंदू त्या बाजूवर बसूच शकत नाही.

(२,४) वरचा आत वळलेला कोन काढून (३,७) थेट (०,०) ला जोडला की सूत्राचा गाभा दिसतो. (१,२) आणि (२,४) सीमेवरून आत जातात. फरक ३ आणि ७ असल्याने नव्या बाजूवर मधला बिंदू नाही. आत २७, सीमेवर ६, क्षेत्रफळ २९. सीमेवरचा बिंदू अर्धा मोजला जात होता, आत गेल्यावर पूर्ण झाला. दोन बिंदूंचे दोन अर्धे मिळून तो वाढलेला १.

भोक पाडल्यावर मात्र सूत्र जसंच्या तसं चालत नाही. मूळ पंचकोनातून (४,३) ते (५,४) हा एकक चौरस कापला. त्याचे चारही कोपरे आतून सीमेवर आले: आत २१, सीमेवर १२. सूत्र म्हणतं २६, खरं उत्तर २७. बाहेरच्या सीमेपासून आणि एकमेकांपासून सुटी असलेली जितकी भोकं, तितके १ मिळवायचे. भोकाचा एकच कोपरा बाहेरच्या सीमेला टेकला असेल तर तो बिंदू सीमेच्या मोजणीत दोनदा धरायचा आणि त्या भोकासाठी वेगळा १ मिळवायचा नाही, कारण आता पूर्ण सीमा एकाच फेरीत गिरवता येते.