मावशी आणि भाची, दोन्ही मीच

"तुम्ही एकट्याच, खोली एकच, पैसे नाहीत. मग दोन माणसांचं स्किट लिहिता कसं?"

दोघी एका चौकटीत कधीच येणार नाहीत, असंच लिहिते. एडिटिंगमध्ये दोघींना शेजारी बसवता येतं, पण त्यात माझे दोन दिवस जातात. त्यापेक्षा एकीकडून दुसरीकडे जाणारी एखादी वस्तू शोधते. वस्तू सापडली की निम्मं स्किट झालं.

परवाचंच घ्या. पुण्याची मावशी सोलापुरातून परत निघालीय आणि बॅग लागत नाहीये.

मावशी: ही चादर बसंना बघ.
भाची: मग शेंगाचटणीची चार पाकिटं काढ की.
मावशी: चटणी राहू दे. तू चादर पांघरून स्टेशनवर ये.

आणि मावशी चादर फेकते.

मावशी पलंगावर, पडद्याच्या डाव्या अंगाला, बघते उजवीकडे. भाची खुर्चीत, उजव्या अंगाला, बघते डावीकडे. म्हणून चादर मावशीच्या चौकटीतून उजवीकडून बाहेर जाते आणि भाचीच्या चौकटीत डावीकडून येते. फेकायला माझ्या घरात दुसरं कुणी नसतं, तेव्हा भाची डावीकडे चौकटीबाहेर हात लांबवून आधीच धरलेली चादर ओढून घेते. पहिल्या वेळी मी दोघींना उजवीकडेच बघायला लावलं होतं. जोडून पाहिलं तर दोघी तिसऱ्याच कुणाशी तरी बोलत होत्या. आता नजरेसाठी भिंतीवर दोन बाजूंना टिकल्या लावते. मावशी बुटकी ठरवलीय, म्हणून तिची टिकली थोडी वर.

शूटिंग संवादाच्या क्रमानं करत नाही. आधी मावशीची सगळी वाक्यं, मग साडी आणि वेणी बदलून, ओढणी घेऊन भाचीची. प्रत्येक वाक्याआधी आणि नंतर दोन सेकंद गप्प, म्हणजे कापायला जागा मिळते. शिवाय प्रत्येकीचं नुसतं ऐकणं अर्धा मिनिट वेगळं घेते. हसू बहुतेक वेळा ऐकणाऱ्या तोंडावरच येतं, आणि वाक्य फसलं तर झाकायलाही तेच कामाला येतं. फोन स्टुलावर, उजेड खिडकीचा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक केला नाही, तर चादर हलली की चेहरा काळवंडतो.

फसगत झाली ती आवाजात. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. मावशीची वाक्यं घेताना खटखट चालू होती, भाचीच्या वेळी वीज गेली आणि माग थांबले. जोडल्यावर दर वाक्याला गल्ली सुरू होतेय आणि बंद होतेय असं वाटायला लागलं. मावशीची वाक्यं पुन्हा घ्यायची तर परत साडी नेसायची. शेवटी वीज आल्यावर तोंड बंद ठेवून मिनिटभर नुसती खटखट रेकॉर्ड केली आणि भाचीच्या वाक्यांखाली घातली. आता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच लिहिते: 'माग चालू.'