जुन्या भाडेकरूला थकलेल्या भाड्याची आठवण करताना: माझा अनुभव

कोथरूडमधला आमचा वन बीएचके नऊ वर्षं एकाच कुटुंबाकडे आहे. माणसं सज्जन, पण पाच तारखेचं भाडं सरकत सरकत वीस तारखेवर गेलं. विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं: "बघतो, करतो." त्यात ना रक्कम, ना तारीख. मला सगळ्यात जास्त मनस्ताप याच उत्तराने दिला.

"सवडीने पाठवा" असं लिहिलं तर असंच उत्तर येणार. म्हणून आता मी असं लिहिते:

"नमस्कार काका. जूनचं भाडं 18,000 रुपये 5 तारखेला द्यायचं ठरलेलं आहे. त्यातले 10,000 मिळाले. उरलेले 8,000 रुपये 12 तारखेपर्यंत पाठवावेत, ही विनंती. तोवर जमणार नसेल, तर कोणत्या तारखेला किती पाठवाल ते आज संध्याकाळपर्यंत कळवा. काही अडचण असेल तर फोन करा, बोलू."

यात 'विनंती' एकदाच आहे, तेवढी पुरते. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" हे वाक्य कटाक्षाने टाळावं. नऊ वर्षांच्या संबंधात तेच जिव्हारी लागतं. "माझाही कर्जाचा हप्ता आहे" असंही लिहू नये. मग कोणाची अडचण मोठी यावरच बोलणं सुरू होतं आणि तारीख बाजूला राहते.

खरी गुंतागुंत अर्धवट रकमेची. पुढच्या महिन्यात 18,000 आले की काका समजतात जुलै फिटला. आपल्या हिशेबात मात्र जूनचे 8,000 वळते होऊन जुलैचे फक्त 10,000 जमा झालेले असतात. चार महिन्यांनी दोघंही प्रामाणिकपणे वेगवेगळे आकडे सांगतात. 1872 च्या करार कायद्यानुसार पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत, हे सांगण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा; त्याने काहीच सूचित केलं नसेल, तर घेणारा ते ठरवू शकतो. म्हणून पैसे आले त्याच दिवशी पावती पाठवावी: "10,000 रुपये जूनच्या भाड्यापोटी मिळाले. जूनचे 8,000 बाकी." खाली एक ओळ: "उशिरा रक्कम स्वीकारली तरी करारातली 5 तारीख कायम आहे." ही ओळ नसेल, तर वीस तारीखच रीत होऊन बसते.

निरोप सहा-सात तारखेला सकाळी, फक्त काकांनाच पाठवावा. सोसायटीच्या ग्रुपवर किंवा त्यांच्या मुलाला कधीच नाही. आणि कितीही संताप आला तरी पाणी किंवा वीज तोडण्याची भाषा नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात त्याला मनाई आहे.

"डिपॉझिटमधून कापून घ्या" असं उत्तर आलं, तर नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणावं. ती रक्कम घर सोडताना वीजबिल आणि मोडतोडीसाठी लागते, एवढं कारण पुरेसं आहे.