अर्ध्या वर्षाचा घातांक कुठे लावावा

"साहेब, पैसा वर्षभर थोडाथोडा येतो म्हणून त्याचे आजचे मूल्य काढताना तुम्ही पूर्ण वर्षाऐवजी अर्ध्या वर्षाने भागता. त्याने आकडा फुगत नाही का? आणि हे सगळ्याच धंद्यांना चालते का?"

सांगली-कुपवाड पट्ट्यातील प्रकल्प अहवाल तपासताना हे मला वारंवार विचारले जाते. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पनीरचा एक छोटा कारखाना उभा करायचा आहे. आज १६० लाख रुपये घालायचे, पाच वर्षे दरवर्षी ४० लाख रुपये निव्वळ रोख हाती येईल आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी यंत्रसामग्री विकून २० लाख मिळतील, असा अंदाज आहे. डिस्काउंट दर वार्षिक १२ टक्के धरू. पहिल्या वर्षाचे ४० लाख वर्षाअखेरीस येतात असे मानले, तर त्यांना १.१२ ने भागून आजचे मूल्य ३५.७१ लाख निघते. पण पनीर रोज विकले जाते, दुधाची बिले दर दहा दिवसांनी चुकती होतात, म्हणजे वर्षाचा पहिला रुपया जवळजवळ लगेच येतो आणि शेवटचा वर्ष संपताना. सरासरीने प्रत्येक रुपयाची वाट सहा महिनेच पाहावी लागते. म्हणून १.१२ च्या अर्ध्या घाताने, म्हणजे १.०५८३ ने भागायचे आणि उत्तर ३७.८० लाख येते. दुसऱ्या वर्षासाठी घातांक दीड, तिसऱ्यासाठी अडीच, असे पुढे चालते.

आकडा फुगतो का, याची तपासणी करता येते. तेच ४० लाख बारा समान हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या अखेरीस आले असे धरून एकेक हप्ता त्याच्या महिन्यानुसार आजवर आणला, तर बेरीज ३७.६४ लाख होते. अर्ध्या वर्षाचे उत्तर यापेक्षा सुमारे सोळा हजारांनी जास्त आहे, कारण महिनाअखेरीच्या बारा हप्त्यांचा मध्य सहा नव्हे तर साडेसहा महिन्यांवर पडतो. वर्षाअखेरीचे उत्तर मात्र त्यापेक्षा एक लाख ब्याण्णव हजारांनी कमी आहे. पैसा खरोखरच सारखा येत असेल, तर अर्ध्या वर्षाची पद्धत वास्तवाच्या फार जवळ जाते; वर्षाअखेरीची पद्धत प्रकल्पाला विनाकारण कमी लेखते.

पाच वर्षांच्या रोख रकमांचे आजचे मूल्य वर्षाअखेरीच्या हिशोबाने १४४.१९ लाख आणि अर्ध्या वर्षाच्या हिशोबाने १५२.६० लाख येते. यंत्रसामग्रीचे २० लाख मात्र दोन्ही हिशोबांत पूर्ण पाच वर्षांनीच आजवर आणायचे, म्हणजे ११.३५ लाख. ती विक्री पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीच होणार आहे, ती वर्षभर पसरलेली नाही. १६० लाख तर आजच जाणार आहेत, त्यांना कोणताही घातांक नाही. मग वर्षाअखेरीच्या पद्धतीने निव्वळ वर्तमान मूल्य उणे ४.४६ लाख आणि अर्ध्या वर्षाच्या पद्धतीने अधिक ३.९५ लाख निघते. एकच कारखाना एका कागदावर नाकारण्याजोगा आणि दुसऱ्यावर घेण्याजोगा ठरतो, म्हणूनच कोणती पद्धत वापरली हे अहवालात स्पष्ट लिहिलेच पाहिजे असा माझा आग्रह असतो. एक्सेलमध्ये B2 ते B6 या रकान्यांत पाच वर्षांचे ४०-४० लाख लिहून हे असे मांडावे:

```
=-160+NPV(12%,B2:B6)*1.12^0.5+20/1.12^5
```

`NPV` हे सूत्र प्रत्येक रक्कम काळाच्या शेवटी आली असे धरते, म्हणून त्याच्या उत्तराला १.१२ च्या वर्गमुळाने गुणायचे. चूक इथेच होते, कारण अनेकजण १६० लाख वजा केल्यानंतरच्या अंतिम आकड्याला वर्गमुळाने गुणतात. तसे केले, की उणे ४.४६ चे उणे ४.७२ होते. पैसा लवकर येतो असे मानूनही प्रकल्प आणखी वाईट दिसला, तर समजावे की आज जाणारी रक्कमही गुणाकारात सापडली आहे.

उधारीबद्दलही एक खुलासा करतो. हॉटेले महिन्याची उधारी ठेवतात, मग घातांक आणखी वाढवू का, असे विचारले जाते. रोखीच्या तक्त्यात येणे बाकीतील वाढ आधीच वजा केली असेल, तर वाढवू नये, नाहीतर तोच उशीर दोनदा मोजला जातो. पण कारखाना सुरू व्हायलाच चार महिने लागणार असतील, तर पहिल्या वर्षाचा पैसा उरलेल्या आठ महिन्यांत येतो, त्याचा मध्य आठव्या महिन्यावर पडतो आणि त्या एका वर्षासाठी घातांक अर्ध्याऐवजी दोन तृतीयांश घ्यावा लागतो.

आता सगळ्या धंद्यांचे काय? आपल्या तासगाव-मिरज भागात हा प्रश्न खरा अडतो तो द्राक्षबागेपाशी. एप्रिलला वर्ष सुरू धरले, तर खरड छाटणी वर्षाच्या आरंभीच येते, मग ऑक्टोबर छाटणी, फवारण्या, मजुरी असा खर्च वर्षभर चालू राहतो, आणि माल विकून पैसा मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती पडतो. समजा वर्षाचे उत्पन्न १२ लाख आणि खर्च ७ लाख आहे. निव्वळ ५ लाखांना अर्ध्या वर्षाने भागले, तर ४.७२ लाख येतात आणि पूर्ण वर्षाने भागले, तर ४.४६ लाख. खरे उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल, असे बहुतेकांना वाटते. पण उत्पन्न अकराव्या महिन्यावर आणि खर्च सहाव्या महिन्यावर ठेवून वेगवेगळे आजवर आणले, तर उत्पन्नाचे १०.८२ लाख, खर्चाचे ६.६१ लाख आणि फरक ४.२० लाख येतो, म्हणजे वर्षाअखेरीच्या सावध उत्तरापेक्षाही कमी.

याचे कारण असे की निव्वळ रक्कम काढताना लवकर जाणारा खर्च आणि उशिरा येणारे उत्पन्न एकमेकांत मिसळून जातात आणि मधल्या महिन्यांत बागायतदाराने घातलेल्या पैशाची किंमत हिशोबातून निसटते. आवक आणि जावक यांचे वेळापत्रक एकसारखे असेल, तरच निव्वळ रकमेवर एकच घातांक लावता येतो. पनीरच्या कारखान्यात ते तसे असते, बागेत नसते. म्हणून हंगामी धंद्यात मी निव्वळ रकमेचा रकाना घेतच नाही. छाटणी, फवारणी, मजुरी आणि विक्री यांच्या रकमा अपेक्षित तारखांसह वेगवेगळ्या ओळींत लिहितो आणि `XNPV` लावतो. ते सूत्र प्रत्येक रक्कम पहिल्या तारखेपासूनच्या दिवसांना ३६५ ने भागून आजवर आणते. त्यासाठी पहिली ओळ मूल्यांकनाच्या तारखेचीच असावी लागते, त्या दिवशी रक्कम शून्य असली तरीही, अन्यथा सगळी मूल्ये पहिल्या छाटणीच्या तारखेवर जाऊन बसतात.