मावळे भाजून घेताना

आमच्या किल्ल्यावरचे मावळे या वेळी नरकचतुर्दशीच्या दुपारी गडावर पोहोचले. किल्ला मात्र वसुबारसेलाच तयार होता. मधल्या दिवसांत जो जो जिन्याखाली डोकावला त्या प्रत्येकाने ‘मावळे कुठे आहेत?’ असे विचारले आणि माझी दहा वर्षांची मुलगी व सात वर्षांचा भाचा ‘भट्टीत आहेत’ असे उत्तर देत राहिले. या उशिराला निम्मी कारणीभूत मीच होते, ही गोष्ट मला अजून खुपते.

मावळे भाजून घेण्याचा हट्ट मागच्या वर्षीच्या फजितीतून आला. तेव्हा गणपतीच्या वेळची उरलेली शाडू माती वापरून मुलांनी चौदा मावळे केले, ते वाळवून रंगवले आणि किल्ल्यावर उभे केले. किल्ल्यावर हळीव पेरलेले होते आणि त्याला रोज पाणी घालावेच लागते. तिसऱ्या दिवशी मावळे गुडघ्यापर्यंत विरघळले होते आणि भाऊबीजेपर्यंत गडावर फक्त पागोटी उरली. शाडू वाळून कितीही टणक झाली तरी न भाजलेली माती पाण्यात पुन्हा मातीच होते. विसर्जनासाठी ती याच कारणाने चांगली आणि रोज शिंपण होणाऱ्या किल्ल्यासाठी याच कारणाने वाईट. पाण्यात न विरघळणारे मावळे हवे असतील तर माती लाल होईपर्यंत भाजली पाहिजे आणि त्यासाठी भट्टी पाहिजे. प्लास्टरचे तयार मावळे आणणे हा सोपा मार्ग होता, परंतु मुलांना स्वतःचे हवे होते आणि मलाही ते पटले.

शहराबाहेरच्या एका गावात, आमच्या घरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, पणत्या आणि माठ करणारे एक कुंभारकाका आहेत. दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेले. मी शाडूचे मावळे भाजायला आणेन म्हटल्यावर त्यांनी सरळ नकार दिला आणि स्वतःची मळलेली तीन किलो माती दिली. त्या मातीत त्यांनी राख आणि चाळलेली लीद मिसळली होती. ही भर मातीला थोडी मोकळी करते, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते. एकच गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: ‘‘ताई, पोकळ करा. बोटापेक्षा जाड काही नको.’’

मावळ्यांच्या बाबतीत आम्ही ते पाळले. लिंबाएवढा गोळा अंगठ्यावर बसवून घंटेसारखा ओढायचा, म्हणजे अंगरखा आपोआप पोकळ होतो आणि मावळा उभाही राहतो. डोके वेगळे करून बसवायचे. जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मध्ये मातीचे दाट पाणी लावले नाही, तर वाळताना डोके हमखास निखळते. भाच्याला तलवार उगारलेला मावळा हवा होता म्हणून त्याने हातात तार घातली. दुसऱ्या दिवशी त्या हाताला तीन चिरा पडल्या होत्या, कारण माती वाळताना आकसते आणि तार आकसत नाही. मग सर्वांचे हात अंगाला चिकटवले, मुठीत काडीने भोक ठेवले आणि पुठ्ठ्याच्या तलवारी भाजल्यानंतर खोवायच्या असे ठरले. हे भोक तलवारीपेक्षा थोडे मोठे ठेवावे, तेही आकसते. आमच्या निम्म्या तलवारी नंतर कातराव्या लागल्या. बारा मावळे, एक गवळण, दोन गाई, वासरू, वाघ, घोडा आणि सिंहासनावर बसलेले महाराज असा एकूण एकोणीस जणांचा परिवार कोजागरीच्या आत तयार झाला.

महाराज मुलीने एकटीने केले होते. सिंहासन भरीव, विटेसारखे जाड, आणि त्यावर महाराजही भरीव. ते इतके ऐटदार दिसत होते की ते पोकळ करायला सांगण्याचा धीर मला झाला नाही. वरून ते कोरडे पडून पांढरट झाले होते आणि मला तेवढे पुरेसे वाटले. कोजागरीनंतर तिसऱ्या दिवशी भट्टी लागणार होती, म्हणून सगळे खोक्यात भरून, मध्ये भुसा घालून घेऊन गेले. काकांनी महाराजांना उचलले, सिंहासनाचा तळ स्वतःच्या गालाला लावला आणि खोक्यात परत ठेवले. ‘‘गार लागतंय. आत ओल आहे. हे फुटेल आणि शेजारच्या पणत्या घेऊन जाईल.’’ नंतर त्यांनी एकेक मावळा गालाला लावून पाहिला आणि तोही परत केला. त्यांचे म्हणणे बिनचूक होते. मातीत अडकलेल्या पाण्याची आगीत वाफ होते आणि तिला बाहेर पडता आले नाही तर वस्तू फुटते. मला मात्र त्या क्षणी फक्त वीस किलोमीटरचा परतीचा रस्ता दिसत होता.

पुढची भट्टी वसुबारसेच्या दोन दिवस आधी, असे ते म्हणाले. मधल्या दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. त्यांतली एक शहाणपणाची होती. सिंहासनाचा गाभा अजून ओलसर होता, म्हणून चमच्याच्या दांड्याने ते खालून कोरून बोटभर जाडीचे केले आणि महाराजांच्या पोटापर्यंत पोकळी नेली. मुलगी त्या वेळी खोलीतून निघून गेली. त्यानंतर महाराजांना रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू लागले. पहिल्या दिवशी वजन ६१० ग्रॅम होते, मग ५७५, मग ५५० आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ५४० वर थांबले. सलग दोन दिवस वजन हलले नाही, म्हणजे वस्तू वाळली. गालाची परीक्षा अनुभवी माणसाला जमते, पण नवशिक्याने काट्यावर विश्वास ठेवावा. वाळवायचे ते सावलीत, जाळीवर आणि दिवसातून एकदा उलटून. आमच्या एका गाईला मी घाईने ऑक्टोबरच्या उन्हात ठेवले आणि तिची शिंगे अंगाच्या आधी वाळून तडकली.

दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते. एक मावळा गॅसवर जाळी ठेवून भाजून पाहावा असा विचार मनात आला. दोन मिनिटांत फट् असा आवाज झाला आणि मावळ्याचे तुकडे ओट्यापासून फ्रिजपर्यंत उडाले. मुले शाळेत होती हे नशीब. स्वयंपाकाच्या गॅसवर माती सगळीकडून सारखी तापत नाही आणि अचानक तापते. माती पक्की व्हायला पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या वरची धग सर्व बाजूंनी लागते आणि तिथपर्यंत हळूहळू पोहोचावे लागते. काका सुरुवातीचे काही तास नुसती धुमी ठेवतात, ते याचसाठी. हा प्रयोग कोणीही करू नये.

ठरल्या दिवशी भट्टी लागली नाही. पाऊस पडून लाकडे भिजली होती. ‘उद्या या’ हे मी फोनवर सलग दोन दिवस ऐकले. वसुबारसेला भट्टी पेटली तेव्हा काकांनी आमचे अठरा जण एका तडा गेलेल्या माठात ठेवले आणि तोंडावर खापरी झाकली, म्हणजे एखादा फुटलाच तर पणत्यांना इजा होणार नाही. भट्टी निवायला रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो, हे ठीकच; परंतु नंतर काका पणत्या घेऊन बाजारात बसले, घराला कुलूप आणि फोन बंद. दिवाळीच्या तोंडावर कुंभाराने बाजारात बसू नये अशी अपेक्षा करणारी मी कोण, हे मला आता समजते. तेव्हा कुलपासमोर गाडीत बसून मी जे पुटपुटले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला हे करायचे असेल तर नवरात्रातच माती आणा आणि पणत्यांच्या शेवटच्या भट्टीवर विसंबू नका. त्या भट्टीत कुंभाराचे वर्षाचे उत्पन्न असते आणि आपण पाहुणे असतो.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून गेलो तेव्हा काकांच्या सुनेने माठ आमच्यासमोर उघडला. दोन मावळ्यांची डोकी उडाली होती आणि घोड्याचा एक पाय गेला होता. बाकी सगळे लाल, एका बाजूने धुराने काळवंडलेले, आणि बोटाने टिचकी मारली तर खणखणीत वाजणारे. महाराज अखंड होते. सिंहासनाच्या पाठीला केसाएवढी चीर होती, ती भिंतीकडे केली. मुलीने तो खालून कोरलेला भाग उलटा करून पाहिला आणि काही बोलली नाही.

किल्ल्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तो सुरळीत झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांतला राजगड मुलांनी निवडला. मध्ये दगडांचा उंच बालेकिल्ला आणि त्यापासून पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या, त्यामुळे तो चार फूट बाय तीन फुटांच्या जागेतही ओळखू येतो. विटा आणि दगडांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले आणि वर लाल मातीचा थर दिला. सुवेळा माचीवरच्या नेढ्यासाठी, म्हणजे कातळातल्या आरपार भोकासाठी, चिखलात काचेची बांगडी उभी रोवली. संजीवनीची दुहेरी तटबंदी मातीच्या वळ्यांची केली, मध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवून.

हळीव मात्र माझ्या हिशेबाने चुकला. ओल्या मातीवर तो विरळ भुरभुरवून दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवला की तिसऱ्या दिवशी मोड दिसतात आणि सहाव्या दिवशी छान गवत होते. आम्ही वसुबारसेचा अंदाज धरून पेरले होते. मावळे आले तेव्हा ते गवत चार बोटे उंचीच्या मावळ्यांच्या छातीला लागत होते. भाच्याने कात्रीने पाली दरवाज्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत वाट कापली.

रंगाचे सांगायचे राहिलेच. पोस्टर रंग देऊ नका. शिंपणाच्या पाण्याने ते ओघळतात आणि भाजण्याचा सगळा खटाटोप वाया गेल्यासारखा दिसतो. आम्ही ॲक्रिलिक वापरला, तोही फक्त पागोट्यांना आणि शेल्यांना, कारण एका दुपारीत तेवढेच झाले. पाणी फवारणीच्या बाटलीनेच घालावे. तांब्याने घातले तर माच्या वाहून जातात.

भाऊबीजेनंतर किल्ला मोडला. सोळा-सतरा जण वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवले आहेत. पाय गेलेला घोडाही त्यात आहे, कारण भाचा म्हणतो की तो लढाईत जखमी झाला. उरलेली माती ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली आहे आणि पंधरा दिवसांनी एकदा फडके भिजवायचे काम मुलीकडे आहे. पुढच्या वेळी हत्ती करायचा असे भाच्याने जाहीर केले, तेव्हा मी काही बोलण्याआधीच ती त्याला म्हणाली, ‘‘पोकळ. आधी कबूल कर.’’